ओटीपी पोहोचतो, पण चौकटीत का उतरत नाही?

तत्काळ तिकिटांसाठी आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी रेल्वेने १५ जुलै २०२५ पासून बंधनकारक केला. त्या दिवसापासून सकाळचे दहा आणि अकरा हे दोन ठोके गोमंतकीय प्रवाशांच्या अधिकच धास्तीचे झाले. वातानुकूलित वर्गाचे तत्काळ आरक्षण दहाला उघडते, इतर वर्गांचे अकराला. चतुर्थीच्या किंवा मे महिन्याच्या गर्दीत कोकण रेल्वेची जागा मिळणे न मिळणे पहिल्या काही मिनिटांतच ठरते. त्या मिनिटांत मोबाईलच्या पडद्यावर ‘आलेला ओटीपी भरा’ अशी चौकट उघडते, आणि तो येत नाही, येतो तर आपोआप भरला जात नाही, हाताने भरला तर ‘अवैध’ ठरतो. पदरी काय, तर प्रतीक्षायादी.

ही तक्रार रेल्वेपुरती नाही. सरकारी दाखल्याचा अर्ज, वीजबिल, कार्डाने केलेली खरेदी, निवृत्तिवेतनधारकाचे हयातीचे प्रमाणपत्र, जिथे मोबाईलवरील ब्राउझरमधून अर्ज भरावा लागतो तिथे हेच घडते. त्यावर घरोघरी दिला जाणारा सल्लाही ठरलेला असतो: ‘परवानगी बंद असेल, सेटिंगमध्ये जाऊन एसएमएसची परवानगी चालू कर.’ हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि काही वेळा घातकही. कारण ब्राउझरला एसएमएस वाचण्याची परवानगी मुळात नसतेच आणि ती मागण्याची त्याला गरजही नसते. ओटीपी ब्राउझरच्या चौकटीत जातो तो वेगळ्याच वाटेने.

बँकेचे ॲप आणि त्याच बँकेचे संकेतस्थळ यांच्या वागण्यातील फरक पाहिला की ही वाट समजते. ॲपमध्ये ओटीपी क्षणार्धात भरला जातो. ब्राउझरमध्ये तेच काम हाताने करावे लागते. ॲपसाठी आलेला संदेश नीट पाहिला तर त्याच्या शेवटी अनेकदा `FA+9qCX9VSu` अशासारखी अकरा अक्षरांची एक निरर्थक ओळ दिसते. ती निरर्थक नाही. ती त्या ॲपची खूण असते. अँड्रॉइड फोनमधील ‘गुगल प्ले सर्व्हिसेस’ हा घटक आलेला संदेश तपासतो, खूण ओळखतो आणि तेवढा एकच संदेश त्या ॲपच्या हाती देतो. ॲपला बाकीचे संदेश दिसत नाहीत, म्हणून त्याला परवानगीही विचारावी लागत नाही.

ब्राउझरमधील संकेतस्थळासाठी अशीच, पण वेगळी खूण ठरलेली आहे. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये ही सोय २०२० साली आली आणि तिला ‘वेब ओटीपी’ म्हणतात. तिच्यासाठी संदेशाची शेवटची ओळ एका ठराविक साच्यात असावी लागते.

```
Your OTP is 482913. Do not share it.

@example.com #482913
```

या ओळीत आधी संकेतस्थळाचा पत्ता आणि मग अंक असतात. पत्ता आणि उघडलेले पान जुळले तर खालून एक पट्टी वर येते, हा कोड या पानाला द्यायचा का असे विचारते, आणि होकार दिला की चौकट भरली जाते. पत्ता जुळला नाही तर काहीच होत नाही, आणि हे न होणेच अपेक्षित असते. बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या ठगाच्या पानावर फोनने स्वतःहून ओटीपी टाकू नये, यासाठीच पत्त्याची ही अट घातलेली आहे. आयफोनही हीच ओळ मानतो. ती नसेल तर तो संदेशातील मजकुरावरून अंदाज बांधतो आणि कीबोर्डच्या वरच्या पट्टीत कोड सुचवतो. त्यासाठी पान बनवणाऱ्याने चौकटीवर `autocomplete="one-time-code"` एवढे लिहिलेले असले की काम बरेच सोपे होते.

आता आधारच्या ओटीपीकडे पाहावे. अर्ज रेल्वेच्या पानावर भरला जात असतो, पण संदेश पाठवते आधार प्राधिकरण. देशभरातील असंख्य संस्था आधारद्वारे ओळख पटवतात, आणि त्या सर्वांसाठी संदेश निघतो तो प्राधिकरणाकडून, त्याच्या ठरलेल्या शब्दांत. एखाद्या विशिष्ट संकेतस्थळाचा पत्ता त्याच्या शेवटच्या ओळीत असल्याशिवाय क्रोमला तो कोड कोणत्या पानाचा हे कळण्याचा मार्ग नाही. कार्डाच्या व्यवहारातही अशीच विसंगती असते. खरेदी एका दुकानाच्या पानावर, ओटीपीची चौकट बँकेने नेमलेल्या तिसऱ्याच कंपनीच्या पत्त्यावर, आणि संदेश बँकेच्या नावाने. तेव्हा आधारचा ओटीपी आपोआप भरला गेला नाही म्हणून फोनच्या सेटिंग धुंडाळणाऱ्याचा वेळ बहुधा वाया जातो. बिघाड त्याच्या फोनमध्ये नसतो. संदेश पाठवणारा आणि पान दाखवणारा वेगवेगळे असल्यामुळे ही सांगड बसत नाही, आणि त्यावर प्रवाशाच्या हाती काही उपाय नाही.

मग संकेतस्थळांनी ती ओळ संदेशात घालावी, असे कोणी म्हणेल. भारतात ते वाटते तितके सरळ नाही, आणि त्याचे कारण दूरसंचार नियमनात आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या म्हणजे ‘ट्राय’च्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपले नाव, संदेशाच्या वर दिसणारे शीर्षक आणि संदेशाचा नेमका मजकूर दूरसंचार कंपन्यांच्या सामाईक नोंदवहीत आधी नोंदवावा लागतो. बदलणाऱ्या जागी ठराविक खूण ठेवायची, बाकी अक्षर न् अक्षर तेच. प्रत्यक्ष पाठवलेला संदेश या साच्याशी ताडून पाहिला जातो आणि जुळला नाही तर वाटेतच टाकून दिला जातो. ही पडताळणी ८ मार्च २०२१ रोजी पूर्णपणे सुरू झाली, त्या दिवशी देशभर ओटीपी अडले. बँकांचे व्यवहार, आधारची कामे, लसीकरणाची नोंदणी, सगळे खोळंबले. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ही पडताळणी सात दिवसांसाठी स्थगित करावी लागली. अनेक मोठ्या संस्थांनी आपले साचे नोंदवलेच नव्हते, किंवा नोंदवले एक आणि पाठवले दुसरे, असे तेव्हा उघड झाले.

तो गोंधळ ओसरला, पण त्याची लहान रूपे आजही घडतात. एखाद्या कार्यालयाने संकेतस्थळ नव्याने बांधले, संदेशातील एक शब्द बदलला किंवा शेवटी क्रोमसाठीची ती ओळ जोडली, पण साचा पुन्हा नोंदवला नाही, तर संदेश पोहोचतच नाही. पडद्यावर मात्र ‘ओटीपी पाठविला आहे’ असे ठसठशीत अक्षरांत येते. या ‘पाठविला’चा अर्थ इतकाच, की संकेतस्थळाने तो संदेश पोहोचवणाऱ्या मध्यस्थाच्या स्वाधीन केला. पुढे दूरसंचार कंपनीने तो स्वीकारला की नाकारला, हे त्या पानाला त्या क्षणी ठाऊक नसते. एकाच संकेतस्थळाचा ओटीपी कोणालाच येत नसेल आणि त्याच फोनवर इतरांचे ओटीपी वेळेवर येत असतील, तर दोष साच्याचा किंवा मध्यस्थाचा असण्याचा संभव मोठा. अशा वेळी पुन्हापुन्हा मागणी करण्यापेक्षा तक्रार नोंदवणे बरे.

ओटीपी पोहोचण्यातील दुसरी अडचण गोव्यात आणि सीमाभागात फार ओळखीची आहे, तरी तिचे कारण क्वचितच लक्षात घेतले जाते. सत्तरी, सांगे किंवा काणकोण तालुक्यातील डोंगरउताराच्या गावांत आणि खानापुराच्या जंगलपट्ट्यात आता घरी फायबरचे इंटरनेट येऊ लागले आहे. अर्ज झरझर उघडतो, माहिती भरली जाते, आणि ओटीपीपाशी गाडी अडते. कारण अर्ज चालतो इंटरनेटवर, आणि एसएमएस येतो मोबाईल कंपनीच्या जाळ्यावरून. घरातल्या वाय-फायला मोबाईलच्या मनोऱ्याचा आधार नसतो. फोनला संकेत मिळत नसेल तर दूरसंचार कंपनीचे संदेश केंद्र संदेश धरून ठेवते आणि काही वेळाने पुन्हा प्रयत्न करते. म्हणूनच माणूस गच्चीवर किंवा रस्त्यावर गेला की तीन-चार ओटीपी एकदम कोसळतात, आणि तोवर त्यांतला पहिला कालबाह्य झालेला असतो. यावर घरबसल्या करण्याजोगा एक उपाय आहे: फोन आणि कंपनी दोन्हींची सोय असल्यास ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू ठेवणे. त्यामुळे आवाजी संभाषणाबरोबर अनेकदा एसएमएसही वाय-फायवरून पोहोचतो. ती सोय नसेल तर अर्ज भरण्याआधीच संकेत असलेल्या जागी जाऊन बसणे हा साधा आणि खात्रीचा मार्ग.

एका बाबतीत मात्र थांबण्यावाचून इलाज नाही. जुने सिम बदलून नवे घेतले, मग ते हरवले म्हणून असो वा ४जी सिम हवे म्हणून, तर त्या क्रमांकावरील एसएमएस पहिले २४ तास बंद राहतात. सिम चोरून खाती रिकामी करण्याच्या गुन्ह्यांवर उपाय म्हणून दूरसंचार विभागाने २०२२ साली हा नियम केला. फोनवर बोलणे चालते, इंटरनेट चालते, पण ओटीपी येत नाही, आणि बिचारा ग्राहक दुकानदाराला दोष देत राहतो. तत्काळ तिकिटाच्या किंवा अर्जाच्या अखेरच्या दिवसाच्या आदल्या दिवशी सिम बदलू नये, एवढे यातून घेण्यासारखे.

येथवर संदेश न पोहोचण्याची गोष्ट झाली. पोहोचल्यानंतर तो चौकटीत कसा जातो, हा निराळा टप्पा आहे आणि तिथेच ‘परवानगी’ या शब्दाचा सर्वाधिक घोळ होतो. अँड्रॉइडवर ब्राउझरला ओटीपी मिळतो तो ‘गुगल प्ले सर्व्हिसेस’च्या हातून. म्हणजे एसएमएसची परवानगी लागते ती या घटकाला, क्रोमला नव्हे. खासगीपणाच्या काळजीपोटी कोणी या घटकाची परवानगी काढून घेतली असेल, तर ॲपमधले आणि ब्राउझरमधले दोन्हीकडचे आपोआप भरणे एकदम थांबते. ही त्याची ओळखण्याची खूण. ॲपमध्ये भरले जाते पण ब्राउझरमध्ये नाही, असे असेल तर ती परवानगी ठीक आहे असे समजावे आणि कारण दुसरीकडे शोधावे. फोनच्या सेटिंगमधील गुगलच्या विभागात ‘ऑटोफिल’खाली पडताळणी कोडांचा पर्याय असतो. तिथे नेहमीच्या ब्राउझरला कोड देण्याची कळ बंद नाही ना, एवढे पाहता येते.

ब्राउझर कोणता, यावरही बरेच अवलंबून असते. फायरफॉक्समध्ये वेब ओटीपीची सोय नाही. फेसबुकमधील दुव्यावर बोट ठेवले की पान अनेकदा फेसबुकच्याच पोटातल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडते. तो क्रोमसारखा दिसला तरी क्रोम नसतो आणि तिथेही ही सोय मिळत नाही. तेच पान मेनूमधून क्रोममध्ये उघडले की फरक दिसतो. शिवाय पाठवणाऱ्याचा क्रमांक फोनच्या संपर्कयादीत असेल तर त्याचा संदेश कोड म्हणून सहसा धरला जात नाही. आधारला किंवा बँकेला मुलाचा क्रमांक जोडलेला आहे, मुलगा आखातात नाहीतर जहाजावर आहे, आणि तो ओटीपी पुढे धाडतो, ही गोव्यातील कितीतरी घरांची स्थिती. असा पुढे धाडलेला ओटीपी कधीच आपोआप भरला जाणार नाही. शिवाय जहाजाला संकेत मिळेपर्यंत त्याची मुदत उलटलेली असते. त्यावर उपाय तांत्रिक नाही. स्वतःचा क्रमांक जोडणे हाच आहे.

आपोआप भरणे जमले नाही की उरते ते नकलून डकवणे, म्हणजे क्लिपबोर्ड. अँड्रॉइड १० पासून मागे चालणाऱ्या ॲपला क्लिपबोर्ड वाचता येत नाही. समोर उघडे असलेले ॲप आणि कीबोर्ड यांनाच तो दिसतो. ब्राउझरच्या आतही आणखी एक कुंपण आहे. काही पानांवर ओटीपीच्या चौकटीशेजारी ‘पेस्ट’ अशी कळ असते. ती दाबली की पान स्वतः क्लिपबोर्ड वाचू पाहते, आणि त्यासाठी क्रोम त्या संकेतस्थळापुरती परवानगी विचारते. घाईत एकदा ‘नको’ म्हटले गेले की पुढे ती कळ मुकी होते. दाबली तरी काही घडत नाही, चूक झाल्याचा संदेशही येत नाही. अशा वेळी चौकटीवर बोट दाबून धरावे आणि वर येणाऱ्या छोट्या यादीतून ‘पेस्ट’ निवडावे. हे काम ब्राउझर वापरकर्त्याच्या हुकमाने करतो, पान क्लिपबोर्ड वाचत नाही, त्यामुळे परवानगीचा प्रश्न येत नाही. बोट दाबून धरल्यावर डकवता आले आणि कळेने आले नाही, तर दोष परवानगीचा. पत्त्याच्या पट्टीतील खुणेवर टिचकी मारून त्या संकेतस्थळाच्या परवानग्यांत क्लिपबोर्ड पुन्हा खुला करता येतो.

दोन्ही प्रकारे जमले नाही, तर बहुधा पानच तसे बनवलेले असते. सुबक दिसावे म्हणून एकेका अंकाच्या सहा चौकटी मांडायच्या आणि प्रत्येकीत एकच अक्षर मावेल अशी मर्यादा घालायची, ही हल्लीची आवड. बनवणाऱ्याने डकवलेले सहा अंक सहा चौकटींत वाटण्याची तजवीज केली नसेल, तर पहिल्या चौकटीत पहिला अंक पडतो आणि उरलेले पाच नाहीसे होतात. काही पानांवर सुरक्षेच्या नावाखाली डकवणेच बंद केलेले असते. काही मिनिटांत संपणारा, एकदाच चालणारा क्रमांक डकवू न देण्याने कोणती सुरक्षा वाढते, हे असे पान बनवणारेच जाणोत. तिसरा प्रकार वापरकर्त्याच्या बाजूचा आहे. अंकांऐवजी सबंध संदेश नकलला जातो, आणि सहा अक्षरांची मर्यादा असलेल्या चौकटीत त्या संदेशाची पहिली सहा अक्षरे पडतात. संदेश अंकांनीच सुरू होत असेल तर हे खपून जाते, ‘प्रिय ग्राहक’ने सुरू होत असेल तर नाही. म्हणून सूचनेच्या पट्टीत ‘कॉपी’ या शब्दासह अंक दाखवणारी कळ दिसली तर तीच वापरावी. तिने फक्त अंक उचलले जातात.

यांतून एक प्रसंग उभा करून पाहता येतो. वाळपईजवळच्या एका गावातील गृहस्थांना दुसऱ्या दिवशी मडगावहून मुंबईला रुग्णाला घेऊन जायचे आहे. वातानुकूलित डब्याची तत्काळ जागा हवी. घरात वाय-फाय आहे, फोन चार वर्षे जुना, त्यात एकाच वेळी पंधरा-वीस पाने उघडी. दहा वाजता आरक्षण खुले झाले, प्रवाशांची नावे भरली, आधारच्या ओटीपीची चौकट आली. वीस सेकंद झाले, ओटीपी नाही. त्यांनी ‘पुन्हा पाठवा’ दाबले. चाळिसाव्या सेकंदाला एक संदेश आला. तो उघडण्यासाठी ते ब्राउझरमधून संदेशांच्या ॲपमध्ये गेले. अंक पाठ केले, परतले. तोवर स्मृती अपुरी पडल्यामुळे फोनने ब्राउझरमधील पान बंद केले होते. परतताच ते नव्याने उघडू लागले, भरलेली नावे गेली. पुन्हा सगळे भरून ओटीपी टाकला, तर ‘अवैध’.

या एकाच फसगतीत चार वेगवेगळी कारणे दडलेली आहेत. पहिले, घरातील क्षीण संकेत, ज्यामुळे संदेश उशिरा आला. दुसरे, पुन्हा केलेली मागणी. बहुतेक ठिकाणी नवा ओटीपी निघाला की जुना बाद होतो, आणि चाळिसाव्या सेकंदाला आलेला संदेश पहिल्या मागणीचा होता. दुसऱ्या मागणीचा अजून वाटेत होता. तिसरे, ॲप बदलणे. जुन्या फोनमध्ये ब्राउझर दृष्टिआड होताच त्याचे पान सोडून दिले जाण्याची शक्यता असते. चौथे, नव्याने उघडलेले पान म्हणजे नवा व्यवहार, ज्याला मागच्या व्यवहाराचा ओटीपी चालत नाही. आधारच्या ओटीपीची मुदत दहा मिनिटांची असते, त्यामुळे मुदत संपली हे कारण येथे नव्हतेच. तरी गृहस्थांची समजूत तीच झाली असणार, कारण पडद्यावर ‘अवैध’ या एका शब्दापलीकडे काही नसते.

यातील एकही कारण कुठल्याही परवानगीने दूर होत नाही. ते दूर होते ते पूर्वतयारीने: आदल्या रात्री बाकीची पाने बंद करणे, सकाळी संकेत असलेल्या जागी बसणे, आणि संदेश आल्यावर त्याच्या ॲपमध्ये न जाता पडद्यावर वरून उतरणाऱ्या सूचनेच्या पट्टीतूनच अंक वाचणे किंवा नकलणे. सूचनापट्टी ओढली तरी ब्राउझर समोरच राहतो, पान जात नाही. पट्टीत अंक दिसत नसतील तर संदेशांच्या ॲपची सूचना बंद आहे का, की कुलूपबंद पडद्यावर मजकूर लपवण्याचा पर्याय निवडला आहे, हे पाहावे. संदेश आलाच नाही असे वाटत असेल तर संदेशांच्या ॲपमधील ‘स्पॅम’ कप्पाही एकदा उघडावा. आणि दोनदा मागणी झालीच असेल, तर दोन्ही संदेश येईपर्यंत थांबून शेवटचा टाकावा.

घातक सल्ल्याचा उल्लेख सुरुवातीला आला, त्याकडे आता वळावे लागेल. ‘ओटीपी भरला जात नाही’ या वैतागाचा फायदा घेणारे लोक आहेत. वाहनाच्या चलनाची पावती, लग्नाची पत्रिका किंवा बँकेची माहिती अद्ययावत करण्याचे निमित्त करून व्हॉट्सॲपवर एपीके धाटणीची फाईल येते. ती बसवली की पहिलीच मागणी असते एसएमएस वाचण्याच्या परवानगीची. ही परवानगी मिळालेले ॲप कोणाचाही कोणताही ओटीपी वाचू शकते आणि दूर कुठेतरी बसलेल्या माणसाला पाठवू शकते. गुगलने २०१८ मध्येच आपल्या दुकानातील ॲपसाठी ही परवानगी फार मोजक्या कारणांपुरती मर्यादित केली, म्हणूनच अशा फाईली दुकानाबाहेरून पसरवल्या जातात. अँड्रॉइड १५ ने आणखी पुढे जाऊन, सूचना वाचण्याची मुभा असलेल्या बहुतेक ॲपपासून ओटीपीचे अंक झाकण्यास प्रारंभ केला. त्याचा एक परिणाम असाही, की मनगटी घड्याळावर किंवा अन्य साहाय्यक ॲपमध्ये पूर्वी दिसणारे अंक काहींना आता दिसेनासे झाले. तोही बिघाड नव्हे.

म्हणून कोणत्या ॲपना एसएमएसची परवानगी आहे याची यादी सेटिंगमधील परवानग्यांच्या व्यवस्थापनात जाऊन एकदा पाहण्यासारखी असते. संदेशांचे ॲप, गुगल प्ले सर्व्हिसेस आणि फोनवर क्रमांकाची खातरजमा करणारी यूपीआयची ॲप तिथे असणे समजण्यासारखे आहे. टॉर्च, फोटो सजवणारे ॲप किंवा झटपट कर्ज देणारे ॲप तिथे असेल तर त्याने ती का घेतली, याचे उत्तर शोधण्याआधी ती काढून घ्यावी. ब्राउझरचे नाव तिथे नसेल, आणि ते नसणेच योग्य.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेले आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेले निर्देश व्यवहाराची दुहेरी पडताळणी कायम ठेवतात, पण तिचा दुसरा टप्पा एसएमएसनेच पार पडला पाहिजे असे म्हणत नाहीत. बोटाचा ठसा, फोनमध्येच साठवलेली किल्ली, ॲपमधील होकार असे पर्याय त्यात खुले आहेत. बँका ते कितपत उचलतात हे पुढे दिसेल. साधा फोन वापरणाऱ्या आणि एकच क्रमांक घरभर वाटून घेणाऱ्या ग्राहकाला एसएमएसवाचून गत्यंतर नाही, हेही त्यांना ठाऊक आहे. सरकारी संकेतस्थळांना मात्र रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांची वाट पाहण्याचे कारण नाही. स्वतःचा ओटीपी स्वतः पाठवणाऱ्या कोणत्याही खात्याला तीन गोष्टी करता येतात: सहा चौकटींची एक चौकट करणे, तिच्यावर `one-time-code` ही खूण लिहिणे, आणि संदेशाच्या शेवटी आपल्या पत्त्याची ओळ घालून तो साचा नव्याने नोंदवणे. पहिल्या दोन गोष्टींना एखाद्या जाणत्या कर्मचाऱ्याची एक दुपार पुरते. तिसरीला नोंदणीच्या मंजुरीची वाट पाहावी लागते, आणि ती मंजुरी हाती येईपर्यंत जुनाच संदेश चालू ठेवावा लागतो, नाहीतर ८ मार्चची पुनरावृत्ती त्या एका खात्यापुरती घडते.